आजोबांच्या खरेदीखताचे फोटो आलेत, पण त्यावरचे शिक्के कळत नाहीत? असे वाचा

वडील गेल्यावर चुलतभावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाच फोटो पाठवले. सोबत एकच ओळ: "आजोबांच्या जमिनीचा कागद सापडला, बघ काय ते." सिंहगडाच्या पायथ्याजवळची, हवेली तालुक्यातली १ एकर १२ गुंठे जमीन. कागद पिवळा, अक्षर गिचमिड, आणि जिकडेतिकडे जांभळे, लाल, निळे शिक्के. कुठे गोल, कुठे चौकोनी, एक अर्धवट उमटलेला. पुढचं दीड वर्ष पुण्यातल्या तीन-चार कचेऱ्यांत हेलपाटे घालून मी तो कागद वाचायला शिकले. आता नात्यातलं कुणीतरी दर महिन्याला आपले फोटो मला पाठवतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. हे शिक्के एका दिवशी, एका माणसाने मारलेले नसतात. कागद मुद्रांक विक्रेत्याकडून निघतो, लेखनिकाकडे जातो, मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, मग तलाठ्याकडे आणि कधी कधी कोर्टात. जिथे जाईल तिथे खूण उमटते. "हा शिक्का कसला?" असं सुटं विचारण्यापेक्षा प्रत्येक खुणेवरची तारीख शोधा आणि खुणा तारखेच्या क्रमाने लावा. मग बराचसा कागद आपोआप उलगडतो.

१. आधी नीट फोटो मिळवा, पाठीमागच्या बाजूचेसुद्धा

बहुतेक जण कागदाच्या पुढच्या बाजूचेच फोटो काढतात. जुन्या दस्तात महत्त्वाचे शेरे मात्र बऱ्याचदा मागे असतात. ज्याच्याकडे कागद आहे त्याला हे सांगा:

प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, चारही कडा दिसतील अशा. कोरी वाटणारी बाजूसुद्धा घ्यायची.
खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. फ्लॅश नको.
कोऱ्या कागदावर नुसताच उठाव दिसत असेल तर उजेड एका बाजूने तिरका पडू द्या. शाई नसलेले उठावाचे शिक्के समोरून दिसत नाहीत.
स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमधला काळा-पांढरा पर्याय वापरू नका. फिकट जांभळी शाई त्यात पुसली जाते.
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक आकडे फुटतात.

आणि हात जोडून एक विनंती: कागद टिकावा म्हणून लॅमिनेट करू नका. माझ्या आत्याने दुसऱ्या एका कागदाचं तसं केलं. प्लॅस्टिकखाली उठावाचा शिक्का सपाट झाला आणि आता तो कागद तपासायलाही बाहेर काढता येत नाही.

२. हा अस्सल कागद आहे की नक्कल, ते ठरवा

फोटोत दोन्ही सारखेच पिवळे दिसतात, पण पुढचा रस्ता यावरच ठरतो.

अस्सल खरेदीखत मुद्रांक कागदावर असतं. वरच्या भागात किमतीची छपाई आणि राजचिन्ह, खाली मजकूर, शेवटी लिहून देणाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे, आणि त्यानंतर निबंधकाचे शेरे. सह्या निरनिराळ्या हातांच्या आणि निरनिराळ्या शाईच्या दिसतात.

नकलेत सगळा मजकूर एकाच हातचा किंवा टंकलेला असतो. सहीच्या जागी "सही" असा शब्द आणि पुढे नाव असतं. बहुधा एक चौकट असते: नकलेचा अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, फी. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला असला तर त्याच्या मधोमध एखादं भोक दिसेल. वाळवीला दोष देऊ नका. तोच स्टॅम्प पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कचेरीत पंच मारून तो रद्द करतात.

इथे एक सापळा आहे. "सत्यप्रत" असा शिक्का म्हणजे कुणा अधिकाऱ्याने किंवा नोटरीने झेरॉक्स मुळाशी ताडून सही केली, एवढंच. निबंधकाच्या कचेरीतून मिळते ती प्रमाणित नक्कल, आणि ती त्यांच्या पुस्तकावरून केलेली असते. कोर्टात आणि महसूल खात्यात वजन या दुसरीला. नोटरीचा लाल गोल शिक्का दिसायला भारदस्त असतो, त्यावर भुलू नका.

३. मुद्रांक कागदाची पाठ वाचा

मुद्रांक विक्रेता कागद विकताना त्यावर अनुक्रमांक, तारीख, किंमत आणि घेणाऱ्याचं नाव लिहून सही करतो. आमच्या कागदावर तारीख होती ९ फेब्रुवारी १९६३, आणि खरेदीखत लिहिलं ११ फेब्रुवारीला. हा क्रम बरोबर आहे. दस्ताची तारीख आधीची आणि मुद्रांक विकल्याची नंतरची असेल, तर थांबा आणि वकिलाला दाखवा.

कागदाचं वय त्याच्या मजकुरावरूनही कळतं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, त्याआधी रुपये-आणे-पै. "नवे पैसे" हा शब्द १९५७ ते १९६४ या काळातला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, त्याआधीच्या पुण्याच्या कागदावर मुंबई राज्य किंवा मुंबई इलाखा असायला हवा. पिन कोड १९७२ चा. त्यामुळे १९५४ च्या म्हणून दाखवलेल्या दस्तात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असेल किंवा पत्त्यात पिन कोड असेल, तर तो कागद त्या साली लिहिलेला नाही. क्षेत्राचा हिशोब सोपा आहे: ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि १ गुंठा म्हणजे जवळपास १०१ चौरस मीटर, म्हणजे एका आरच्या आसपास. आमची १ एकर १२ गुंठे, म्हणजे ५२ गुंठे, आजच्या उताऱ्यावर साधारण ०.५३ हेक्टर दिसायला हवी.

४. निबंधकाचे शेरे: इथे घाई करू नका

आमच्या घरातलं सगळं भांडण या एका पायरीने मिटलं, म्हणून सविस्तर सांगते.

नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि त्यात दस्तावर काय काय लिहायचं ते ठरवून दिलेलं आहे. म्हणून १९३० चा कागद असो की १९८० चा, शेऱ्यांचा सांगाडा सारखाच असतो. तो असा वाचायचा.

पहिला शेरा हजर केल्याचा. कोणत्या दिवशी, किती वाजण्याच्या दरम्यान, कोणत्या कचेरीत दस्त दाखल झाला, आणि दाखल करणाऱ्याची सही. हा बहुधा रबरी शिक्का असतो आणि मधल्या रिकाम्या जागा हाताने भरलेल्या असतात. दस्त लिहिल्यापासून चार महिन्यांत दाखल करावा लागतो, त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. आमचा दस्त ४ मार्च १९६३ ला दाखल झाला. बाजूला फीचे आकडे असतात, त्यांची बेरीज करत बसू नका.

दुसरा शेरा कबुलीचा. लिहून देणारा निबंधकासमोर येतो आणि दस्त आपणच करून दिला असं कबूल करतो. खाली त्याची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा. पैसे निबंधकासमोर मोजून दिले असतील तर तेही इथेच लिहितात.

तिसरा शेरा ओळखीचा. "वरील इसमास आम्ही ओळखतो" असं सांगणारे दोघे आणि त्यांच्या सह्या. दस्ताचे साक्षीदार वेगळे, हे ओळख देणारे वेगळे. अनेकदा माणसं तीच असतात, पण काम निराळं.

चौथा शेरा नोंदल्याचा. पुस्तक क्रमांक, दस्त क्रमांक, पानं, तारीख, निबंधकाची सही आणि कचेरीचा गोल शिक्का. लोक त्या गोल शिक्क्याकडे बघत बसतात. मोलाचे आकडे त्याच्या बाजूला असतात. आमच्याकडे होतं: पुस्तक क्रमांक १, दस्त क्रमांक ६१२, तारीख २८ मार्च १९६३. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक १ मध्ये नोंदतात. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये, आणि किरकोळ दस्त ४ मध्ये. तुमच्या "जमिनीच्या" कागदावर पुस्तक ४ दिसलं तर तो बहुधा मुखत्यारपत्रासारखा काही वेगळाच दस्त असेल.

आता आमचा घोळ. दस्तात लिहून देणारे दोन सख्खे भाऊ होते. पाच फोटोंत कबुलीचा एकच शेरा दिसत होता, ४ मार्चचा, आणि अंगठा थोरल्याचा. धाकट्याचा कुठेच पत्ता नाही. त्याच्या नातवाने गावात सांगायला सुरुवात केली, "आमच्या आजोबांनी विकलीच नाही, अर्धी आमची." चुलतभाऊ घाबरून तडजोडीला तयार झाला होता.

त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. लिहून देणाऱ्यांपैकी एखाद्याने कबुली नाकारली तर निबंधक त्याच्यापुरती नोंदणी नाकारतो आणि तसा शेरा मारतो. म्हणून दस्तात जितकी नावं, तितक्या कबुल्या मोजायच्याच. पण मला खटकलं ते तारखांमधलं अंतर. दस्त दाखल ४ मार्चला, आणि नोंदला २८ मार्चला. मधले २४ दिवस दस्त कशासाठी थांबला?

मी प्रमाणित नक्कल काढली. तीत शेवटच्या पानाच्या पाठीवरचा शेरा होता: २१ मार्च १९६३, धाकटा भाऊ कचेरीत हजर, दस्त कबूल, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तो तेव्हा मुंबईला गिरणीत होता आणि रजा मिळाल्यावर आला, असं नंतर आत्याने सांगितलं. चुलतभावाने त्या पाठीचा फोटोच काढला नव्हता, कारण "मागे काही नव्हतं, नुसते दोन अंगठे होते".

५. बारीक अक्षरांतले शब्द

लिहून देणार म्हणजे विकणारा, लिहून घेणार म्हणजे घेणारा. "द. खु." म्हणजे दस्तुरखुद्द, स्वतःच्या हाताची सही. "नि." म्हणजे निशाणी, सही न येणाऱ्याने केलेली खूण किंवा अंगठा. शेजारी दुसऱ्याने त्याचं नाव लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर "ए. कु. मॅ." दिसलं तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एका भावाचं असलं तरी नोंद सगळ्या कुटुंबासाठी घेतलेली आहे. वाटणीच्या वेळी ही तीन अक्षरं फार महाग पडतात.

कागद मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका. गावातल्या एखाद्या आजोबांना "थोडी मोडी" येते, त्यावरही विसंबू नका. मोडीत आकडे आणि मापांच्या खुणा फसव्या असतात. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, तिथे चौकशी केली तर माणूस सापडतो.

६. कोपऱ्यातला "नि. २२" अंगठ्याचा नसतो

आमच्या पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईत "नि. २२" आणि खाली "रे. मु. नं." असं काहीतरी आकड्यांसह होतं. मी वर सांगितलेला अर्थ लावून कुणाचा तरी अंगठा शोधत बसले. अंगठा नव्हताच.

निशाणी हा शब्द दोन ठिकाणी चालतो. अंगठ्याजवळ तो माणसाची खूण असतो. कोपऱ्यात, आकड्यासह आणि छोट्या सहीसह आला तर तो कोर्टाचा. दाव्यात पुरावा म्हणून कागद दाखल झाला की त्यावर दाव्याचा क्रमांक, कुणी हजर केला आणि कधी, याची नोंद होते आणि न्यायाधीश सही करतात. "रे. मु. नं." म्हणजे दिवाणी दाव्याचा नंबर. थोडक्यात, या जमिनीवरून कधीतरी कोर्टकचेरी झाली होती आणि घरात कुणाला आठवत नव्हती.

अशी खूण दिसली तर तिच्याकडे काणाडोळा करू नका. दाव्याचा नंबर आणि साल घेऊन शिवाजीनगरच्या कोर्टात निकालाच्या आणि हुकूमनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. तालुक्याच्या कोर्टातला दावा असेल तर तिथे. आमच्या बाबतीत तो शेजाऱ्याशी वहिवाटीच्या रस्त्यावरून १९७१ साली चाललेला दावा निघाला, तडजोडीने मिटलेला. मालकीवर त्याचा परिणाम नव्हता. पण बांधाच्या कडेने रस्ता द्यायचा असं त्यात ठरलेलं होतं, आणि तो रस्ता आम्हाला आजही सोडावा लागतो. विकत घेणाऱ्याला हे आधी सांगावं लागलं असतं.

७. तलाठ्याचा शेरा म्हणजे फेरफाराचा पत्ता

कडेला वेगळ्या शाईत "फे. नं." आणि आकडा असेल तर तो तलाठ्याचा. खरेदीवरून गाव नमुना ६ मध्ये नोंद धरली त्याचा तो क्रमांक. पण नोंद धरली म्हणजे मंजूर झाली असं नाही. फेरफाराचा उतारा काढा आणि शेवटच्या रकान्यात मंडळ अधिकाऱ्याने काय लिहिलंय ते बघा: "प्रमाणित" की "रद्द". रद्द असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं. जुन्या फेरफारांच्या स्कॅन प्रती aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर बऱ्याच गावांच्या मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा.

इथे नवख्या वारसाची हमखास फसगत होते ती सर्व्हे नंबरावरून. दस्तात सर्व्हे नंबर असतो, तो ऑनलाइन सातबाऱ्यात टाकला की भलत्याच माणसाचं नाव येतं, आणि घरात रडारड सुरू होते. अनेक गावांत एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट ३८ हा जुना सर्व्हे ३८ नव्हे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुना सर्व्हे नंबर सांगून एकत्रीकरणाचा "नऊ-तीन, नऊ-चार"चा उतारा मागा. त्यात जुन्या नंबराचं काय झालं ते मिळतं. मिळकत पुण्याच्या पेठांतली असेल तर सातबारा शोधू नका, तिथे सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका.

"नवीन अविभाज्य शर्त" किंवा कुळकायद्याच्या "कलम ४३" चा शेरा कागदावर किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असेल, तर ती जमीन हस्तांतर करायला सरकारी परवानगीचा किंवा नजराण्याचा प्रश्न येतो. वारस म्हणून नाव लागायला त्याची आडकाठी नाही, पण विसार घेण्याआधी वकिलाकडे जा.

८. फोटोवरून प्रमाणित नक्कल काढा

फोटो हा पुरावा नाही, पण त्यावरच्या चार आकड्यांनी पुरावा मिळतो: कचेरीचं नाव, पुस्तक, दस्त क्रमांक, साल. हे घेऊन दुय्यम निबंधकाकडे नकलेचा अर्ज करा. पुस्तक १ च्या दस्ताची नक्कल कुणालाही मागता येते, नातं सिद्ध करावं लागत नाही. मला खिडकीवर "मालकाला घेऊन या" असं ऐकावं लागलं होतं. शांतपणे लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली, मग काम झालं.

हवेलीत एकाच तालुक्याला आता दुय्यम निबंधकांच्या बऱ्याच कचेऱ्या आहेत. १९६३ च्या शिक्क्यावर नुसतं "हवेली" असेल तर आजच्या कोणत्याही हवेली कचेरीत जाऊन पुस्तक सापडेलच असं नाही. आधी सह जिल्हा निबंधकांच्या कार्यालयात त्या सालचं दप्तर कुठे आहे ते विचारा, माझे दोन हेलपाटे तिथेच वाचले असते. igrmaharashtra.gov.in वरचा ऑनलाइन शोध इतक्या जुन्या दस्तांना उपयोगी पडत नाही.

दस्त क्रमांक फोटोत फाटलेला असेल तर शोध घ्यावा लागतो. साल आणि लिहून देणार-घेणाराचं नाव द्या. नावावरून सूची १ आणि मिळकतीवरून सूची २, अशा दोन सूच्या असतात. शोधाची फी वर्षागणिक लागते, म्हणून आधी मुद्रांक विक्रेत्याच्या तारखेवरून साल पक्कं करा. दस्त डिसेंबरमध्ये लिहिलेला असेल तर पुढचं सालही शोधायला सांगा.

सोबत ठेवायचं:

सर्व फोटोंच्या रंगीत प्रती, मागे पान क्रमांक लिहून
वर सांगितलेले चार आकडे एका चिठ्ठीवर
आधार कार्ड आणि फीचे सुटे पैसे
ज्यांच्या नावे दस्त आहे त्यांचा मृत्यूचा दाखला आणि वंशावळ. नकलेला लागत नाही, पण त्याच फेरीत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज देता येतो.

९. अस्सल कागद कुणाकडे आहे ते लिहून ठेवा

प्रमाणित नक्कल हातात आली म्हणून मुळाला विसरू नका. तीस वर्षांहून जुना अस्सल दस्त योग्य ताब्यातून आला तर कोर्ट त्यावरच्या सह्या खऱ्या मानू शकतं. फोटोला किंवा झेरॉक्सला हा फायदा मिळत नाही. "योग्य ताबा" म्हणजे जिथे तो असणं साहजिक आहे तिथे, घरच्या ट्रंकेत किंवा कर्त्या माणसाकडे. कुणा एजंटाने "ठेवायला" नेलेला कागद परत मिळवताना हाच मुद्दा अडतो.

आमचा दस्त आत्याकडे निघाला. तिच्याकडून घेताना मी साध्या कागदावर लिहिलं: कोणता दस्त, किती पानं, मागे किती शेरे, कुणी कुणाला दिला, तारीख. सगळ्या चुलत भावंडांच्या सह्या घेतल्या. तो कागद आता दस्तासोबतच सुती कापडात गुंडाळून ठेवलाय, घडी न घालता.